फुल आवाजात चालतो, मधल्या आवाजात तापून बंद पडतो : एका क्लास बी ॲम्पचं प्रकरण

मे महिन्यातली गोष्ट आहे. चोपड्याकडचे एक मंडपवाले आबा त्यांचा ॲम्प परत घेऊन माझ्या बेंचवर आले, आणि टेबलावर ठेवता ठेवताच म्हणाले, "भाऊ, फुल आवाजमा चालस, आवाज कमी कया का बंद पडी जास." हा ॲम्प मीच दोन महिन्यांपूर्वी जुन्या कॅबिनेटमध्ये नवीन बोर्ड टाकून बांधून दिला होता, आणि देण्याआधी तासभर फुल पॉवरला साइन टोन लावून टेस्ट केला होता, एकदाही ट्रिप झाला नव्हता. म्हणून पहिल्यांदा मला वाटलं की आबा उलटं सांगतायत, माणूस घाईत असला की कधी कधी असं होतं, पण त्यांनी नीट सांगितलं. गावात सप्ताह होता, पत्र्याचा मंडप, दुपारी हरिपाठाला आवाज मध्यम ठेवायचा, सूरपेटी आणि पेटी सतत सुरू, अर्ध्यापाऊण तासात ॲम्प बंद. दहा मिनिटं थांबलं की परत सुरू. आणि त्याच मंडपात एका रात्री जोरात वाजवला तेव्हा काही झालं नाही, पण रात्र होती आणि कार्यक्रमही छोटा होता, हे मला नंतर विचारल्यावर कळलं.

दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतो म्हणजे हीटसिंकवरचा थर्मल कटआउट काम करतोय हे लगेच कळतं. मी ७० डिग्रीचा बसवला होता. प्रश्न एवढाच की मध्यम आवाजात हीटसिंक फुल आवाजापेक्षा जास्त का तापतो? याचं उत्तर क्लास बी च्या गणितात आहे, आणि एफिशियन्सी पुस्तकातल्या ७८.५ टक्क्यांपर्यंत का पोचत नाही याचं उत्तरही त्याच गणितात आहे, म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

ॲम्प आधी सांगतो. आउटपुटला ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरची एक जोडी, ट्रान्सफॉर्मर २५-०-२५, रिकाम्यावर सप्लाय प्लस-मायनस ३५ व्होल्ट, दोन्ही रेलला ४७०० मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर, एमिटर रेझिस्टर ०.३३ ओहम, आणि स्पीकर ८ ओहमचा. क्रॉसओव्हरचा खरखराट जावा म्हणून साधारण २५ मिलिॲम्प बायस ठेवलाय, म्हणजे काटेकोर बोलायचं तर हा क्लास एबी झाला, पण आवाज थोडा वाढला की एक ट्रान्झिस्टर वरचा अर्धा भाग सांभाळतो आणि दुसरा खालचा, तेव्हा हिशोब क्लास बी चाच लागतो.

आता मूळ गोष्ट बघा. स्पीकरला मिळणारी पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. पीक व्होल्टेज दुप्पट केलं की आउटपुट चौपट. पण सप्लायमधून जो करंट ओढला जातो तो मात्र पीक व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढतो, कारण रेल व्होल्टेज (जवळजवळ) तेवढंच राहतं आणि अर्ध्या साइनची सरासरी पीकच्या १ भागिले पाय एवढीच येते. म्हणजे आत येणारी पॉवर ही सरळ रेष, बाहेर जाणारी पॉवर हा वर वळणारा पॅराबोला, आणि या दोघांमधलं अंतर म्हणजे ट्रान्झिस्टरमध्ये होणारी उष्णता. कागदावर सरळ रेष आणि पॅराबोला काढून बघा, अंतर आधी वाढतं, मध्ये कुठेतरी सगळ्यात जास्त होतं आणि शेवटाकडे परत कमी होतं. आबांची तक्रार म्हणजे हेच चित्र आहे.

सूत्रं लिहायची तर एवढीच आहेत, V म्हणजे एका बाजूचं रेल व्होल्टेज, Vp म्हणजे आउटपुटचा पीक, R म्हणजे लोड:

```
Pin  = 2*V*Vp / (pi*R)
Pout = Vp^2 / (2*R)
eff  = (pi/4) * (Vp/V)
Pd   = Pin - Pout
Pd max: Vp = 2*V/pi,  Pd = 2*V^2 / (pi^2*R)
```

एफिशियन्सीची ओळ नीट बघा. ती फक्त Vp आणि V च्या गुणोत्तरावर चालते. Vp अगदी V एवढा झाला तरच पाय भागिले चार, म्हणजे ७८.५ टक्के येणार. आणि सगळ्यात जास्त उष्णता Vp हा V च्या ६३.७ टक्के असताना होते, त्या ठिकाणी एफिशियन्सी बरोबर ५० टक्के असते, म्हणजे जेवढं स्पीकरला जातं तेवढंच ट्रान्झिस्टरमध्ये जळतं. पॉवरच्या भाषेत ती जागा थिअरीतल्या फुल पॉवरच्या ४० टक्क्यांवर येते. म्हणजे फार कमी आवाज नाही आणि फुलही नाही, नेमका तो आवाज जो मंडपात दिवसभर ठेवतात.

याचं कारण मनात बसायला मी हाफ क्लच आठवतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना ज्यांनी गाडी हाफ क्लचवर रेंगाळवली आहे त्यांना माहिती आहे, क्लच पूर्ण सुटलेला असला तरी जळत नाही आणि पूर्ण दाबलेला असला तरी नाही, जळतो तो मधे घासताना. ट्रान्झिस्टरचंही तसंच आहे. करंट शून्य असला तर त्याच्यावर पूर्ण व्होल्टेज असूनही उष्णता नाही, पूर्ण उघडलेला असला तर करंट भरपूर पण त्याच्यावर व्होल्टेज दोनेक व्होल्ट, तिथेही उष्णता कमी. त्या क्षणाची उष्णता सगळ्यात जास्त होते ती आउटपुट रेलच्या बरोबर निम्म्यावर असताना. फुल साइनमध्ये ट्रान्झिस्टर निम्म्यावरून झपकन वर जातो आणि बराच वेळ पीकजवळ, म्हणजे सुरक्षित बाजूला काढतो. साइन मध्यम असली तर तो पूर्ण उघडतच नाही, बराचसा वेळ घासण्याच्या पट्ट्यातच फिरतो.

आता बेंचवर काय मोजलं ते. ८ ओहमचा वायरवाउंड डमी लोड पंख्यासमोर ठेवला, १ किलोहर्ट्झ साइन, लोडवर स्कोप, आणि दोन्ही डीसी रेलमध्ये एकेक ॲमीटर. माझ्याकडे शिकायला येणारा आयटीआयचा मुलगा सोबत होता. फुल पॉवरला, म्हणजे स्कोपवर साइनचं टोक चपटं व्हायला लागायच्या जरा आधी, पीक मिळाला २८ व्होल्ट. म्हणजे ४९ वॅट. रिकाम्यावर ३५ दाखवणारी रेल त्या वेळी ३२ वर आली होती. ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगमध्ये आणि डायोडमध्ये ड्रॉप पडतो, बाजारातल्या साध्या ट्रान्सफॉर्मरला एवढं होतंच.

पुस्तकी हिशोब ३५ व्होल्टवर केला तर ७६ वॅट यायला हवे होते. मिळाले ४९. मुलाने विचारलं की बाकीचे २७ वॅट कुठे गेले, आणि हा प्रश्न चांगला आहे पण जरा चुकीचाही आहे, कारण ते २७ वॅट कुठे जळले नाहीत, ते कधी निर्माणच झाले नाहीत. पीकला वर जायला जागा मिळाली नाही म्हणून. ही जागा कोणी खाल्ली ते एकेक करून काढलं. रेल ३२ ही सरासरी आहे, तिच्यावर १०० हर्ट्झचा रिपल आहे, ४७०० मायक्रोफॅरड आणि एक ॲम्पच्या आसपास करंट असला की जवळपास २ व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे खालचं टोक ३१ वर येतं आणि क्लिपिंग त्या खालच्या टोकावरच सुरू होतं. मग एमिटर रेझिस्टर, साडेतीन ॲम्पच्या पीकला ०.३३ ओहमवर १.१५ व्होल्ट. मग आउटपुट ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर ड्रॉप, एवढ्या करंटला साधारण ०.९. ड्रायव्हर ट्रान्झिस्टरचा ०.७. आणि त्याच्या मागे व्होल्टेज ॲम्प्लिफायर स्टेज सॅच्युरेट व्हायला ०.३ च्या आसपास. ३१ मधून हे सगळं वजा करा, २८ उरतात.

इथे एक गैरसमज आहे तो मला नेहमी दिसतो. लोक म्हणतात ट्रान्झिस्टरचं सॅच्युरेशन व्होल्टेज जास्त म्हणून एफिशियन्सी कमी. पण एमिटर फॉलोअरच्या या स्टेजमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनपर्यंत पोचतच नाही, कारण त्याचा बेस त्याच्याच रेलच्या वर खेचणारं कोणी नाही, ड्रायव्हर पण त्याच रेलवर बसलाय. आमच्या ॲम्पमध्ये पीकच्या क्षणी आउटपुट ट्रान्झिस्टरवर अजून १.८५ व्होल्ट शिल्लक होते. कमी सॅच्युरेशनचा महागडा ट्रान्झिस्टर टाकून तिथे काहीच फायदा नाही. फायदा हवा असेल तर ड्रायव्हरच्या आधीच्या स्टेजला थोडी जास्त व्होल्टेजची वेगळी रेल द्यावी लागते किंवा बूटस्ट्रॅप कपॅसिटर वापरावा लागतो, आणि रिपल कमी करायला कपॅसिटर वाढवावे लागतात.

एफिशियन्सी मग किती आली? पाय भागिले चार गुणिले २८ भागिले ३२, म्हणजे ६८.७ टक्के. मीटरवर प्रत्येक रेलचा करंट १.१५ ॲम्प दिसला, हिशोबाने १.११ यायला हवा होता, वरचा जो फरक आहे तो आधीच्या स्टेजेसचा आणि बायसचा. ६४ व्होल्ट गुणिले १.१५ म्हणजे ७३.६ वॅट आत, ४९ बाहेर, ६६.६ टक्के. क्लास बी च्या खऱ्या ॲम्पचं क्लिपिंगआधीचं टोक साधारण इथेच कुठेतरी असतं. अजून जोरात ढकलून साइन चौकोनी केली तर हा आकडा ७८.५ च्याही वर जाऊ शकतो, कारण चौकोनी वेव्हमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, पण तो आवाज ऐकण्यासारखा नसतो आणि ट्वीटर जळतो तो वेगळाच, म्हणून ती एफिशियन्सी मी मोजतच नाही.

मोजताना त्या मुलाकडून एक चूक झाली ती लिहून ठेवतो कारण ती बऱ्याच जणांकडून होते. त्याने रेलचा करंट ट्रू आरएमएस रेंजवर मोजला. अर्ध्या साइनचा आरएमएस पीकच्या निम्मा असतो, म्हणजे १.७५ ॲम्प. त्याने दोन्ही रेल धरून ३२ गुणिले १.७५ गुणिले २ केलं आणि ११२ वॅट काढले, एफिशियन्सी ४४ टक्के. बरेच दिवस असं मोजत राहिला असता तर सगळे ॲम्प त्याला खराब दिसले असते. रेलचं व्होल्टेज जवळपास स्थिर असल्यामुळे पॉवरला करंटची सरासरी लागते, आरएमएस नाही. मीटर साध्या डीसी रेंजवर ठेवा, तो सरासरीच दाखवतो. आणि मेनच्या बाजूला वॅटमीटर लावून काढलेल्या आकड्यात ट्रान्सफॉर्मरचं नुकसानही येतं, ते आउटपुट स्टेजच्या नावावर टाकू नका.

आता आबांच्या तक्रारीवर. आवाज खाली आणत आणत हिशोब केला. आवाज कमी झाला की रेलवरचा भारही कमी होतो, त्यामुळे ती परत वर चढते, २० व्होल्ट पीकला ती ३२.९ होती, आणि हे उष्णतेच्या बाजूने जाणारं आहे. त्या जागी आत ५२.४ वॅट, बाहेर २५ वॅट, उष्णता २७.४. फुल पॉवरला हीच उष्णता २२.३ होती. म्हणजे आउटपुट निम्मं झालं आणि उष्णता पाच वॅटने वाढली. अजून खाली, १० व्होल्ट पीकला स्पीकरला फक्त सव्वा सहा वॅट जातात, पण उष्णता २०.७, म्हणजे जवळपास फुल पॉवरएवढीच! आणि ५ व्होल्ट पीकला, स्पीकरला दीड वॅट, ट्रान्झिस्टरमध्ये १२. "आवाज कमी ठेवलाय, ॲम्पला काय होतंय" हे वाक्य क्लास बी ला लागू होत नाही, मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण मंडपवाले ॲम्पवर कापड टाकून ठेवतात ते याच भरवशावर.

हीटसिंकचं काय झालं ते पण सांगतो. बसवलेला सिंक साधारण १ डिग्री प्रति वॅटचा होता. एमिटर रेझिस्टरमध्ये जाणारी उष्णता (फुल पॉवरला २ वॅट, मधल्याला १) बोर्डवर जाते, सिंकवर नाही, आणि बायस-ड्रायव्हरची दीडेक वॅट सिंकवर येते. सगळं धरून फुल पॉवरला सिंकवर साधारण २२ वॅट आणि २० व्होल्ट पीकला २८. त्या दिवशी खोलीत ४३ डिग्री होतं, आमच्याकडे मे महिन्यात हे नेहमीचंच. फुल पॉवरला सिंक ६५ वर जाऊन थांबला, तास झाला तरी ट्रिप नाही. २० व्होल्ट पीकवर आणला तसा हळूहळू चढत गेला, चाळीस मिनिटांनी ७० ला टेकला आणि कटआउट उघडला. हिशोबाने तो ७१ ला थांबणार होता. एका डिग्रीने ट्रिप झाला म्हणायचं, आणि मार्चमध्ये मी टेस्ट केली तेव्हा खोलीत ३३ होतं, त्यामुळे मधल्या आवाजाला ट्रिप झाला असता की नाही हे तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. फुल पास झाला म्हणजे सगळं पास, असं धरून चाललो होतो.

यात एक गोष्ट अशी की ट्रान्झिस्टर धोक्यात नव्हते. प्रत्येकी १४ वॅट, जंक्शन ते केस ०.८३ डिग्री प्रति वॅट, मायका आणि ग्रीसचे साधारण ०.५, म्हणजे जंक्शन सिंकपेक्षा १८-१९ डिग्री वर, ९० च्या आसपास. यांची मर्यादा १५० आहे. त्यामुळे ७० चा कटआउट काढून ८५ चा टाकला असता तरी तक्रार मिटली असती आणि जंक्शन १०४ वर राहिलं असतं. मी तसं केलं नाही, कारण मंडपात पत्र्याखाली दुपारी ४३ नाही, जास्तच असतं, शिवाय शेजारी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसलेले आहेत आणि त्यांचं आयुष्य उष्णतेने झपाट्याने कमी होतं. आणि खरा लोड रेझिस्टर नसतो. स्पीकरच्या कॉइलमुळे करंट आणि व्होल्टेज एकाच वेळी पीकला जात नाहीत, म्हणजे करंट भरपूर असताना ट्रान्झिस्टरवर व्होल्टेजही जास्त असतं, त्यामुळे उष्णता या साध्या सूत्रापेक्षा वर जाते. ८ ओहम लिहिलेला स्पीकर काही फ्रीक्वेन्सीला सहावर पण येतो. कटआउट वर सरकवून ही सगळी शिल्लक खाऊन टाकणं मला पटलं नाही.

मुलाचा पुढचा प्रश्न होता की गाण्याला साइनचा हिशोब कसा चालेल. पूर्ण चालत नाही, बरोबर आहे. गाण्यात सारखं वरखाली होतं, सरासरी उष्णता साइनच्या जास्तीत जास्त आकड्यापेक्षा थोडी कमीच येते. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, गाण्याचे पीक क्लिपिंगला टेकत असले तरी बराचसा भाग मधल्या पट्ट्यातच असतो, त्यामुळे आवाज वाढवून गाणं "थंड बाजूला" नेता येत नाही, फुल साइनला मिळणारी ती सवलत फक्त बेंचवरच मिळते. दोन, सूरपेटी आणि पेटी हे सतत एका पातळीवर राहणारे सूर आहेत, मधे श्वास घ्यायला जागा नाही, मिक्सरवर कंप्रेसर लावला असेल तर अजूनच सपाट. सप्ताहातला हरिपाठ हा माझ्या साइन टोनच्या फार जवळ जाणारा सिग्नल होता, ऑर्केस्ट्रा असता तर कदाचित ट्रिप झाला नसता.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ च्या नियमात ॲम्पची पॉवर जाहीर करण्याआधी तो एक तास रेटेड पॉवरच्या एक तृतीयांशावर चालवून तापवायला सांगितलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही अट अर्धवट वाटली, फुल का नाही. पण एक तृतीयांश पॉवर म्हणजे पीक ५७.७ टक्के, आणि आदर्श क्लास बी त्या ठिकाणी जास्तीत जास्त उष्णतेच्या ९९ टक्क्यांवर असतो. क्लास बी साठी याहून कठीण परीक्षा जवळपास नाहीच. कंपन्यांना ती फार जड वाटली आणि पुढे ती एक अष्टमांशावर आणली गेली.

दुरुस्ती काय केली. एक मार्ग ट्रान्सफॉर्मर छोटा करण्याचा होता, कारण आबांना २५ वॅटच्या वर क्वचितच लागतं आणि न वापरलेलं रेल व्होल्टेजच उष्णता बनतं. रेल २९ वर आणली तर त्याच २० व्होल्ट पीकला उष्णता २७ वरून २१ वर येते. मोठ्या डीजे ॲम्पमध्ये क्लास एच म्हणून रेल सिग्नलप्रमाणे वरखाली करतात ती याच कारणासाठी. पण आबांना लग्नात कधीतरी फुल लागतं, ते सोडायला ते तयार नव्हते. मग ०.६ डिग्री प्रति वॅटचा मोठा सिंक उभ्या पात्यांनी बसवला, कॅबिनेटच्या खाली आणि वर जाळीची भोकं पाडली, कटआउट ७० चाच ठेवला. परत २० व्होल्ट पीकला दीड तास चालवला, खोलीत ४३ च होतं, सिंक ६० वर थांबला.

आबा न्यायला आले तेव्हा म्हणाले की पुढच्या सप्ताहाला अजून एक तसाच ८ ओहमचा बॉक्स याच तारांवर जोडणार आहे. दोन समांतर म्हणजे ४ ओहम, रेल तेवढीच राहिली तर उष्णता जवळपास दुप्पट, नवीन सिंकवरही ७० च्या पुढे जाणार. त्यांना बसवून तेवढंच समजावलं, आणि मागच्या पॅनलवर टर्मिनलच्या बाजूला पांढऱ्या पेंटने "८ ओहमचा एकच बॉक्स" असं लिहून दिलं.